ताईच्या दुकानाची आठ वर्षं

दुकानं बंद पडताना मी पुष्कळ पाहिली आहेत. आधी शटर उशिरा उघडू लागतं, मग अर्धंच उघडतं, मग पाटीचा रंग उडतो आणि एक दिवस तिथे पानठेला लागतो. मालक पुढे वर्षभर रस्ता बदलून जातो. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, नागपुरात धंतोलीतलं तिचं शिवणकेंद्र बंद केलं ते असं नाही. घरातलं लग्न पार पाडावं तसं तिनं ते बंद केलं. सगळ्यांना आधी सांगून, ज्याचं त्याला देऊन, आणि शेवटी स्वतःच्या हातानं झाडू मारून.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाबा कापडगिरणीतून निवृत्त होऊन घरी बसले होते, आईचे गुडघे गेले होते, आणि मी हिंगण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होते. कामगारांची हजेरी, रजा, आणि भरती निघाली की आलेल्या अर्जांचे गठ्ठे लावणं हे माझं काम. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी ताई शाळेत होती. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं, पोरींनी शिकायचं आणि कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. मी शिकले आणि कारखान्याच्या दारात उभी राहिले. ताईनं शिवण-कर्तनाची पदविका घेतली आणि स्वतःचंच दार उघडलं. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, हे तिला विचारायची छाती आमच्या घरात कोणाचीच नव्हती.

दुकान म्हणजे एका जुन्या चाळीतल्या रस्त्यालगतच्या दोन खोल्या. चार पायमशीन, एक मोठं कटिंगचं टेबल, आणि कामाला मुली. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, त्यामुळे काम मुख्यतः त्यांचं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, टोप्या. उन्हाळ्यात दोन शाळांचे गणवेश. आठ वर्षं हे सुरळीत चाललं. मग घरमालकानं चाळ पाडायला काढली, आणि त्याच सुमाराला शाळांनी गणवेश एका मोठ्या कापडदुकानातून घ्यायचं ठरवलं. नव्या जागेचं भाडं ऐकून ताई घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "हातात आहे तेवढं काम देऊन टाकतो अन् बंद करतो." एवढीच चर्चा.

बंद करताना तिनं महानगरपालिकेत जाऊन दुकानाची नोंदणीसुद्धा रीतसर रद्द करून घेतली. तिथला बाबू म्हणाला म्हणे, "बाई, उघडल्याची नोंद कराले लोक येत नाहीत, तुम्ही बंद केल्याची कराले आल्या!" पण त्यानं पोच दिली, शिक्का मारून.

त्यानंतर आमच्या गल्लीला तोंड फुटलं. बुडाली, असं सगळे म्हणू लागले. बुडण्यासारखं काय होतं त्यात, कोणाचं देणं नाही, घेणं नाही! पण बाईनं धंदा बंद केला की तो बुडालाच असतो, आणि पुरुषानं केला की 'लाइन बदलली' असते. मला राग यायचा. ताईला यायचा नाही, किंवा ती दाखवायची नाही.

सीताबर्डीजवळ स्त्रियांना शिवण शिकवणारी एक धर्मादाय संस्था होती. तिथे शिक्षिकेची जागा निघाली. पदविका हवी आणि शिवणाच्या आस्थापनेतला पाच वर्षांचा अनुभव हवा. वयाची अट होती, आणि ताई त्या अटीच्या अगदी काठावर उभी होती. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत ती वयातून जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. माझ्या एकटीच्या पगारावर चौघांचं चाललं असतं, पण 'चाललं असतं' आणि 'चाललं' यात काय फरक असतो, ते महिन्याच्या शेवटी स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा.

ताईनं स्वतःच अर्ज लिहिला. अनुभवाच्या ठिकाणी एकच ओळ लिहिली, "प्रोप्रायटर, आठ वर्षे." आठव्या दिवशी उत्तर आलं. अनुभवाचा दाखला मालकाच्या सहीचा जोडावा, स्वतःच्या सहीचा चालणार नाही.

"माहा मालक मीच होती," ताई म्हणाली. "मंग सही कोणाची आणू? यमाची?"

आता सल्ले सुरू झाले. ज्या कापडदुकानानं गणवेशाचं काम उचललं होतं, त्याचा शेठ भला माणूस होता. त्यानं निरोप धाडला की बाईंना आमच्या दुकानाचा दाखला देतो, सहा वर्षं टेलर मास्टर होत्या म्हणून, शिक्का आमचा, काही लागणार नाही. आईनं तर देवानंच धाडला म्हणत हात जोडले. आम्ही देव मानणं सोडलं होतं, पण अडचणीच्या वेळी आईचे हात सवयीनं जुळत.

"त्याच्या हाताखाली मी शिवलं, असं लिहून घेऊ?" ताई म्हणाली. "अवं, सणासुदीले त्याचंच जास्तीचं काम माह्याकडे येत होतं. मीच त्याले दाखला दिला पाहिजे."

"नोकरी पाहिजे का नाही तुले?" आई ओरडली.

"पाहिजे. पण मंग माही आठ वर्षं कुठं गेली म्हणून सांगू? त्याच्या दुकानात?"

विषय तिथंच संपला. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून तिच्यासाठी कांदाभजी तळली.

पण अभिमानानं दाखला तयार होत नाही. मग कोणीतरी सुचवलं की मालकाचा नसला तर गिऱ्हाइकांचा दाखला दे. हे बरं होतं. ताई चार ठिकाणी गेली. दोन डॉक्टर, एक प्रसूतिगृह, एक शाळा. चौघांनीही हसून स्वागत केलं आणि चौघांनीही तेच सांगितलं जे आपल्याकडे प्रत्येक मोठा माणूस सांगतो. "काय पाहिजे ते लिहून आणा, मी सही करतो."

ताई तशीच कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गेली. त्याच्याकडे एक ठेवणीतला मजकूर होता. सदर बाई कष्टाळू, प्रामाणिक व चांगल्या वर्तणुकीच्या असून त्यांचे काम पूर्ण समाधानकारक होते, त्यांना भावी आयुष्यात यश लाभो. वरचं नाव बदलायचं आणि खाली सहीची जागा सोडायची. त्यानं चार कागद काढून दिले, चौघांनी न वाचता सह्या ठोकल्या. ताई खुशीत ते घेऊन संस्थेत गेली. मी रजा टाकून बरोबर होते.

तिथले हेडक्लार्क वयस्कर होते, जाड चष्म्याचे. त्यांनी चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एकदा इकडून पाहिले, एकदा तिकडून. मग चष्मा काढला.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "पण हे डॉक्टर अन् हे शाळेचे सर, चौघंही एकाच तोंडानं बोलून राहिले."

"सह्या खऱ्या आहेत, भाऊ," ताई म्हणाली.

"असतील ना. मी कुठं नाही म्हणतो? पण वर मुलाखतीत असे कागद ठेवले, तर खऱ्या सह्यासुद्धा खोट्या दिसतील. मुलाखत पुढच्या सोमवारी आहे. तोपर्यंत काही दुसरं आणता आलं तर पाहा."

मला आधी त्यांचाच राग आला. बाहेर पडल्यावर ताईचा आला, टायपिस्टचा आला, आणि सही करायला हात असून दोन ओळी लिहायला नसलेल्या त्या चार मोठ्या माणसांचा तर फारच आला. पण रागाच्या भरातसुद्धा मला दिसत होतं की हेडक्लार्क बरोबर होते. मी रोज अर्ज हाताळत होते. अर्ज वाचणारा माणूस काही तुमचे गुण शोधत बसलेला नसतो. समोर शंभर अर्ज असतात आणि त्याला ते कमी करायचे असतात. तो शोधतो वगळायला कारण. गुळगुळीत स्तुती हे त्यातलं पहिलं कारण. खरं काम केलेल्या माणसाच्या कागदावर कुठेतरी ओरखडा असतो.

त्याच संध्याकाळी मी कागद-पेन घेऊन ताईसमोर बसले. म्हटलं, आता मी विचारते आणि तू सांग.

"दुकानात तू काय करायची?"

"शिवाची. अन् काय करतात दुकानात, भजन?"

"सकाळी गेल्यावर पहिलं काय?"

"पहिलं कापड भिजवाचं."

"काहून?"

"अवं, कोरं कापड आटते. दवाखान्यातला गाऊन उकळत्या पाण्यात जाते, वाफेच्या डब्यात जाते. न भिजवता शिवला, तर चार धुण्यात डॉक्टरची बाही कोपरापाशी."

मी लिहिलं. मग किती कापडात किती गाऊन बसतात ते कोण ठरवायचं, बेतायचं कोण, मुलींना काम वाटून कोण द्यायचं, तयार माल तपासायचं कोण, असं एकेक विचारत गेले. प्रत्येकाचं उत्तर, "मीच, अन् कोण?" असं येत होतं, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. जेवायच्या वेळेपर्यंत दोन पानं भरली.

"मुली किती शिकवल्या?"

"शिकवल्या कुठं? कामाले होत्या त्या."

"आल्या तेव्हा काय येत होतं?"

"काही नाही. एकीले तर मशीनचा पाय उलटा फिरवाची सवय, दोरा सारखा तुटे."

"आणि गेली तेव्हा?"

ताईनं जरा विचार केला. "गेली तेव्हा गाऊन बेतून, शिवून, घडी करून एकटी देत होती."

"मग त्याले शिकवणं नाही तर काय म्हणतात, ताई?"

 आठ वर्षांत तिला कोणी हे म्हटलं नव्हतं, आणि तिनं स्वतःलाही म्हटलं नव्हतं. शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करत होती आणि आपण शिक्षिका होतो हेच बाईला माहीत नव्हतं!

मी झोकात लिहिलं, "दहा मुलींना प्रशिक्षण दिले." तिनं लगेच कागद ओढला.

"दहा काहून? चार तर महिन्याभरात पळाल्या. सहा लिही."

मग 'प्रोप्रायटर' या शब्दावरून वाजलं. मी तो खोडला होता.

"काहून खोडून राहिली? मालकीण नव्हती काय मी?"

"होतीस. पण मालकीण असणं हे काही काम नाही. घराचीही मालकीण असते, ती झोपूनही राहू शकते. वाचणाऱ्याला तू काय करत होतीस ते कळलं पाहिजे."

"पण लपवू नको," ती म्हणाली. "लपवलं, तर मंग त्या शेठच्या दाखल्यात अन् यात फरक काय?"

तिचंही खरं होतं. शेवटी आम्ही वर लिहिलं, स्वतःचे शिवणकेंद्र, चालक व कटिंग मास्टर. नोंदणी कोणत्या महिन्यात झाली, रद्द कोणत्या महिन्यात झाली, दोन्हीचे कागद सोबत जोडले. खाली कामं एकेक करून. शिकलेल्या सहा मुली आता कुठे शिवतात ते, त्यांच्या परवानगीनं. दुकान बंद का झालं यावर ताईला घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा होता. मी एका ओळीवर आणलं, जागा सोडावी लागल्याने व गणवेशाचे काम थांबल्याने बंद केले. धंदा बंद झाल्याचं कारण एका ओळीत सांगितलं की ते कारण वाटतं, आणि पानभर सांगितलं की रडगाणं वाटतं. हे मी टाइम ऑफिसमध्ये शिकले होते.

राहिले दाखले. आम्ही पुन्हा फिरलो, पण आता मागणी वेगळी होती. तुम्हाला आठवतं ते, तुमच्या हातानं, तुमच्या शब्दांत. एका डॉक्टरांनी आणि प्रसूतिगृहवाल्यांनी सरळ सांगितलं की लिहायला वेळ नाही, सहीच घ्या. त्यांना आम्ही नमस्कार करून सोडून दिलं. शाळेच्या सरांनी पाच ओळी लिहिल्या. त्यात एका वर्षी मापं घ्यायला बाई स्वतः वर्गावर्गात आल्या आणि वाढत्या मुलांसाठी आत दुमड ठेवून दिली, असं होतं. ते वाचूनच मला हुरूप आला.

मग दुसऱ्या डॉक्टरांच्या धंतोलीतल्या नर्सिंग होममध्ये मेट्रनकडे, म्हणजे तिथल्या मुख्य नर्सकडे गेलो. बाई केरळच्या, पण इतकी वर्षं नागपुरात राहिलेल्या की तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलत. त्यांच्या डॉक्टरांनी आमच्या टाइप केलेल्या कागदावर सही केली होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"सही चाहिए तो ऑफिस में जाओ," त्या म्हणाल्या. "लिखना है तो बैठो."

आम्ही बसलो. त्यांनी कपाटातून एक जुना हिरवा गाऊन काढून आणला, तो टेबलावर पसरला, आणि त्याच्याकडे बघत बघत इंग्रजीत हातानं लिहू लागल्या. पानभर लिहिलं. मी वाचून ताईला मराठीत सांगू लागले, तसा ताईचा चेहरा पडत गेला. कारण पत्राची सुरुवातच अशी होती, की या बाईंनी दिलेल्या पहिल्या गाऊनच्या नाड्या महिन्याभरात उसवून निघाल्या आणि ऑपरेशनच्या वेळी फार त्रास झाला.

"हे काहून लिहिलं, सिस्टर?" ताई काकुळतीला आली.

"निकला था ना?"

"निकला था."

"तो?"

पुढे मेट्रनबाईंनी जे लिहिलं होतं ते मला आजही जवळपास पाठ आहे. बाईंनी सगळे गाऊन परत नेले, न उसवलेलेसुद्धा. मग एक दिवस येऊन धुलाईच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि धोबी कपडे कसे पिळतो ते पाहिलं. तो गाऊन नाडीलाच धरून पिळत होता. त्यानंतर त्यांनी नाडीच्या बुडाशी चौकोन शिवून त्यात फुली मारली, आणि त्या नाड्या आजवर निघालेल्या नाहीत. यातला एक गाऊन मी समोर ठेवून हे लिहीत आहे. शेवटी सही आणि दवाखान्याचा फोन नंबर.

"ताई," मी बाहेर आल्यावर म्हटलं, "हे पत्र सगळ्यांत वर लावायचं."

"तुह्या मेंदूले गरमी झाली काय?" ती म्हणाली. पण लावू दिलं. शुक्रवारी सगळे कागद संस्थेत दिले.

सोमवारी मुलाखत. खोलीच्या दाराला नुसता पडदा होता आणि मी त्याच्या बाहेरच्या बाकावर बसले होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आत प्राचार्याबाई होत्या आणि संस्थेचे सचिव. सचिवांचा आवाज खणखणीत, कायम सभेला उभं राहिल्यासारखा.

"तुमचा स्वतःचा धंदा होता. तो चालला नाही," ते म्हणाले.

"आठ वर्षं चालला, साहेब. मंग बंद केला."

"ज्यांना मालक व्हायची सवय असते, त्यांना नोकरी जमत नाही, असा आमचा अनुभव आहे. वर साहेब असला की त्यांना टोचतं."

"मले आठ वर्षं साहेब नव्हता असं वाटते काय तुम्हाले?" ताई म्हणाली. "नोकरीत एक साहेब असते. दुकानात येईल तो साहेब. डॉक्टर साहेब, मेट्रन साहेब, चादर वापस घेऊन आलेली आयाबाई तेही साहेबच."

प्राचार्याबाई हसल्या. सचिव हसले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अनुभव म्हणजे दुसऱ्याकडे केलेली नोकरी. बाई गरजू दिसतात, पदविका आहे, तेव्हा मदतनीस म्हणून घेऊ, नवीन उमेदवार धरून. पुढचं पुढे पाहता येईल.

 मदतनीस तर मदतनीस! पगार कमी, पण पगार. वयाची अट संपत आलेली. हो म्हण, ताई, हो म्हण, असं मी पडद्याकडे बघून मनात घोकत होते.

 मग ताईचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"साहेब, मदतनीस व्हाची मले लाज नाही. झाडू मारा म्हणाल तर तेही येते मले. पण कागदावर नवीन लिहू नका. मले येत नाही म्हणून खाली बसवा, मी बसीन. येते, पण कुठं शिकली ते आम्ही मोजत नाही, असं नका करू. ते आठ वर्षं मी झोपली नव्हती."

"म्हणजे तुम्ही ही जागा नाकारता?"

"नवीन म्हणून असली, तर हो."

मी घरी आईला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवायला लागले. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मला माझी बहीण राणीसारखी वाटली. भाकरीचा प्रश्न समोर असताना असं बोलायला काळीज लागतं. माझं नव्हतं तेवढं.

"मी परवा त्या मेट्रनना फोन केला होता," प्राचार्याबाई मध्येच म्हणाल्या. "विचारलं, अजून काही सांगायचं आहे का. म्हणाल्या, लिहिलंय तेवढंच खरं, जास्त मी बोलत नाही." मग त्या ताईला म्हणाल्या, "ती नाडी कशी लावता, दाखवाल?"

तिघं शेजारच्या वर्गात गेली. मीही आपली दारापर्यंत गेले. मशीनवर मुली बसल्या होत्या. मला वाटलं, ताई आता झपाझप शिवून दाखवील. पण ती मशीनवर बसलीच नाही. तिनं समोरच्या एका मुलीला खूण केली.

"तू लाव वं बाई. तुले जशी येते तशी."

मुलीनं घाबरत घाबरत कापडाच्या तुकड्यावर नाडी ठेवून सरळ टीप मारली. ताईनं ती हातात घेतली, धोबी पिळतो तसा पीळ दिला आणि ओढली. टीप सुटली. मुलगी रडवेली झाली.

"रडतं कायले?" ताई म्हणाली. "माह्या तर पन्नास गाऊनच्या निघाल्या होत्या. आता पाहा, जोर कुठं पडला? एका रेघेवर. मंग एका रेघेनं कसं धरीन? चारही बाजूनं धर. हां. आता कोपऱ्यातून कोपऱ्यात जा. सुई खाली ठेवूनच कापड फिरव, उचलू नको."

मुलीनं चौकोन शिवला, त्यात फुली मारली. ताईनं नाडी सचिवांच्या हातात दिली. "ओढा, साहेब."

सचिवांनी ओढली. चांगली जोर लावून ओढली. मग कापड उलटं करून टाके पाहिले.

"जाहिरातीत आपण 'आस्थापनेतला अनुभव' म्हटलं आहे," प्राचार्याबाई शांतपणे म्हणाल्या. "नोकरी म्हटलेलं नाही. आस्थापना होती, तिची नोंद आहे, ती बंद झाल्याचीही नोंद आहे. आणि काम काय होतं ते आत्ता पाहिलंच. मदतनीस म्हणून मी यांना घेणार नाही. शिक्षिका म्हणून घ्यायचं असेल तर बोला."

सचिव काही वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त आपल्या हातानं ओढून पाहिल्याशिवाय काही पटत नसे, आणि खरं सांगायचं तर अशी माणसं मला आवडतात. त्यांनी अर्ज मागवला, उभ्या उभ्याच पेन काढलं आणि अनुभवापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "आठ वर्षे. ग्राह्य." मग ताईकडे वळून म्हणाले, "एक तारखेपासून या, बाई."

आम्ही रस्त्यावर आलो. मी बडबडत सुटले होते, आईला काय सांगू, पेढे कुठले घेऊ, रिक्षाच करू आज.  थोडं पुढे गेल्यावर ताई एका झाडाच्या सावलीत थांबली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. चाळ पाडली तेव्हा ती रडली नव्हती, मशिनी विकल्या तेव्हाही नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"आठ वर्षं मोजली त्याईनं. आज बंद झालं वं माहं दुकान," ती म्हणाली.